तारे, टोमणे आणि तीन अक्षरे

सोलापुरातील टॉवेलच्या एका जुन्या पेढीचा माल आता ऑनलाइनही विकला जातो. ग्राहकांचे अभिप्राय इंग्रजीत येतात. मुंबईचा वितरक त्यांचे स्क्रीनशॉट पाठवतो आणि धाकटी सूनबाई त्यांचे मराठी करून सासऱ्यांच्या हाती देते. मालाची पुढची मागणी त्या कागदावर ठरते, म्हणून अनुवादातला एक शब्द चुकला तरी तो महागात पडू शकतो.

गेल्या दिवाळीआधी मरून टॉवेलविषयी एक अभिप्राय आला. शब्दशः अर्थ असा: ‘वा! एकदाच धुतला आणि आता माझ्याकडे तीन गुलाबी शर्ट आहेत. फार आभारी आहे.’ चित्र वरून कापलेले असल्याने तारे दिसत नव्हते. सासऱ्यांना वाटले, ग्राहक खूश आहे. त्याच रंगाचे आणखी सूत रंगवायला टाकावे.

सूनबाई म्हणाली, “बापूजी, थांबा. शर्ट पांढरे होते.”

तिने पूर्ण चित्र मागवले. तारा एकच होता. मग तिने ‘आभारी आहे’ खोडून ‘धन्य झालो!’ असे लिहिले आणि समासात ‘उपरोध, रंग सुटतो’ अशी नोंद केली. मराठीत टोमणा मारणारा माणूस आभार मानत नाही, तो धन्य होतो. गोदामातल्या टॉवेलवर ओला पांढरा रुमाल घासला, तोही गुलाबी झाला. गडद रंग दिल्यावर सुताला न चिकटलेला रंग गरम साबणपाण्याने पुरता धुऊन काढावा लागतो. तिथेच घाई झाली होती. रंगाऱ्याकडचे काम थांबले.

दुसऱ्या अभिप्रायात ‘५०० जीएसएम’ या शब्दांपुढे एल, ओ, एल एवढी तीनच अक्षरे होती. ती ग्राहकाच्या हसण्याची खूण. ती गाळली की दाव्याला दुजोरा मिळाल्यासारखे वाटते, ठेवली की तो दावा हास्यास्पद ठरतो. खाली वजन दिले होते, ४३० ग्रॅम. टॉवेल ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, म्हणजे १.१२५ चौरस मीटर. त्याचे वजन साडेपाचशेच्या वर हवे होते. हिशेब ३८२ जीएसएमवर येतो. सूनबाईने लिहिले, ‘म्हणे ५०० जीएसएम!’ त्या ‘म्हणे’मध्ये ती तिन्ही अक्षरे आली.

तारेही नेहमी मालाचेच नसतात. एक तारा देऊन ‘टॉवेल सुरेख, पण कुरियरवाला पावसात दाराबाहेर टाकून गेला’ असे लिहिणारे असतात. अशी नोंद ती वेगळ्या रकान्यात, वाहतुकीच्या नावे टाकते.

सर्वांत अवघड असतो नुसता ‘ओके’. पाच ताऱ्यांसोबत तो पसंती असतो, दोन ताऱ्यांसोबत नाइलाज. तारे कापलेले असतील तर ती जागा कोरी ठेवते आणि वितरकाला पूर्ण चित्र मागते.