शून्य वर असायचं

पूर्वी भूजलाचा अहवाल छापायला जाण्याआधी आमच्या कचेरीत तो मोठ्याने वाचला जायचा. एक जण टंकलिखित मजकूर हातात धरून वाचणार, समोरचा आलेख आणि तक्ते पसरून ऐकणार. काळ 1980च्या दशकाच्या अखेरीचा, कचेरी बेंगळुरूत आणि काम आसपासच्या तालुक्यांचं. त्यातही आनेकलच्या फेऱ्या सगळ्यांत जास्त. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले इथल्या कारखान्यांना पाणी हवं होतं, नाचणीच्या शेतांनाही हवं होतं, आणि दोघांची तहान एकाच खडकातून भागायची होती.

वाचन असं चालायचं: “आकृती चार. आनेकल तालुका. निरीक्षण विहिरींतली पाण्याची खोली. मे महिना. जमिनीखाली मीटर. विहिरी पाच.” यातला एकही शब्द गाळायचा नाही, असा आमच्या साहेबांचा दंडक होता. नवख्या माणसाला हे भटजीबुवांनी संकल्प सांगावा तसं वाटे, आणि दुपारच्या जेवणानंतर तर डोळे मिटायला लागत. पण एकक प्रत्येक वेळी तोंडाने उच्चारावं लागे, त्यामुळे ऐकणाऱ्याचं बोट आलेखाच्या अक्षावर जाऊन तिथे काय लिहिलंय ते बघून यायचंच. मजकुरात ‘मीटर’ आणि अक्षावर ‘फूट’ असेल, तर ते तिथेच सापडे.

आलेख काढायचे आमचे ड्राफ्ट्समन. ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगचं पेन, अक्षरांसाठी स्टेन्सिल आणि चूक खरवडायला दाढीचं पातं. ते कन्नड, मी मराठी, दोघांचंही इंग्रजी कामापुरतं; तरी पाण्याच्या खोलीचा आलेख त्यांनी कधी उलटा काढला नाही. शून्य कायम वर. “जमीन वर, पाणी खाली,” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. मे महिन्यात पाणी 14.20 मीटरवर आणि पावसाळ्यानंतर नोव्हेंबरात 9.80 मीटरवर असेल, तर आकडा कमी होतो पण पाणी वर येतं. शून्य वर ठेवलं की रेषाही वर चढते आणि मजकुरातलं ‘पातळी 4.40 मीटरने वाढली’ हे वाक्य डोळ्यांना पटतं.

आता एक्सेलमध्ये तेच आकडे निवडून आलेख काढा. शून्य खाली येतं. नोव्हेंबरात पाणी वाढलेलं असतं आणि रेषा मात्र घसरत असते. आकडे बरोबर, वाक्य बरोबर, आलेखाखालची ओळही बरोबर. तरी वाचणारा समजतो की पाणी आटलं. उपाय साधा आहे, अक्षाच्या मांडणीत `Values in reverse order` या चौकोनात खूण करायची. पण ती खूण करायची आठवण कोणाला होते? ज्याने विहिरीत टेप सोडून खोली मोजली आहे त्याला. हल्ली आलेख काढणारा मोजायला गेलेला नसतो, हा त्याचा दोष नव्हे, कामाची वाटणीच तशी झाली आहे.

आनेकलचा अहवाल वाचताना मी सगळ्यांत आधी विहिरींची संख्या शोधते. आलेखाखाली ती नसेल तर पुढचं वाचण्यात फारसा अर्थ नाही. सोयीसाठी गोल आकडे घेऊन सांगते. पाच उघड्या विहिरी आहेत. पहिल्या वर्षी मे महिन्यात त्यांतलं पाणी 10, 12, 14, 18 आणि 26 मीटरवर. सरासरी 16 मीटर. पुढच्या वर्षी सगळीकडे पाणी एकेक मीटर खाली गेलं, आणि पाचवी विहीर 26 मीटरच्या जरा खालीच तळ असल्यामुळे कोरडी पडली. उरल्या चार: 11, 13, 15, 19. सरासरी साडेचौदा. म्हणजे एकही विहीर सुधारली नाही, एक तर मेलीच, आणि तालुक्याची सरासरी दीड मीटरने ‘सुधारली’. मजकूर लिहिणाऱ्याने नुसता तक्त्याचा शेवटचा रकाना बघितला, तर तो प्रामाणिकपणे ‘भूजलात वाढ’ असं लिहून मोकळा होईल.

पूर्वी हे कसं सापडे? वहीत त्या विहिरीपुढे ‘कोरडी’ असं लिहिलेलं असे. बेरीज हाताने करताना तो शब्द आडवा यायचा. शब्दाची बेरीज होत नाही, त्यामुळे पेन थांबे आणि माणूस साहेबांकडे जाऊन विचारी, “अहो सर, हिचं काय करायचं?” मग विहिरीच्या तळाची खोली धरायची की ती दोन्ही वर्षांतून वगळायची, यावर वाद होई. वगळली तर चारच विहिरींची तुलना: साडेतेरा मीटरवरून साडेचौदा, म्हणजे एक मीटर घट. काय ठरलं ते आलेखाखाली बारीक अक्षरांत जाई.

एक्सेलचं पेन थांबत नाही.

```
=AVERAGE(C2:C6)
=COUNT(C2:C6)
```

पहिलं सूत्र ‘कोरडी’ हा शब्द निमूटपणे वगळतं आणि साडेचौदा देतं. कोणी शब्दाऐवजी 0 भरला असेल तर आणखी गंमत: 0 म्हणजे पाणी जमिनीच्या तोंडाशी, आणि सरासरी थेट 11.6 मीटर! मी म्हणून प्रत्येक सरासरीच्या शेजारी दुसरं सूत्र घालायला लावते. ते 4 सांगतं की 5, आणि आलेखाखालच्या ओळीत किती लिहिलंय, एवढी एक गोष्ट जुळवली की निम्मं काम झालं. शून्य भरलेलं असलं तर मात्र तेही 5 सांगेल; तिथे मूळ नोंदच बघावी लागते.

एककांचा घोळ आनेकलमध्ये वेगळ्याच जागी असतो. खोली अहवालात मीटरमध्ये, बोअरवाल्याच्या पावतीवर फुटांत. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि 1,000 फूट म्हणजे 305 मीटर हे कोणीही करून घेतो. अवघड आहे तो ‘इंच’. शेतकरी सांगतो, “एरडु इंचु नीरु”, दोन इंच पाणी. बोअरमधून निघालेलं पाणी व्हीच्या आकाराच्या खाचेतून सोडतात आणि खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची इंचात मोजतात. म्हणजे हा इंच उंचीचा आहे, पाण्याच्या प्रमाणाचा नव्हे. काटकोनी खाचेतून जाणारा प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घातात वाढतो. एक इंचाला सेकंदाला साधारण 0.14 लिटर, दोन इंचांना 0.80 लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटींहून जास्त.

आता एखाद्या आलेखात उभा अक्ष ‘बोअरचं पाणी, इंच’ असा आहे आणि मजकूर म्हणतो ‘पाणी निम्म्यावर आलं’. दोन इंचांचा स्तंभ एकावर आला, डोळ्याला निम्माच दिसतो. खरं तर ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी गेलं. इथे आकडा, एकक आणि शीर्षक तिन्ही एकमेकांशी जुळतात, फक्त पाण्याशी जुळत नाहीत. आमच्या जुन्या कचेरीत इंच आलेखावर जाऊच देत नसत. आधी लिटरमध्ये बदला, मग काढा. ही शिस्त कोणी कुठे लिहून ठेवली नव्हती, त्यामुळे माणसं निवृत्त झाली तशी तीही निवृत्त झाली.

जुनं ते सगळं सोनं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. ट्रेसिंगवरचा आलेख बदलायचा म्हणजे तो बहुतेक वेळा नव्यानेच काढायचा. मग अमोनियाची प्रत पुन्हा, तो वास पुन्हा. एखादी नोंद उशिरा दुरुस्त होऊन आली की आलेख तसाच ठेवून मजकुरातलं वाक्य सैल केलं जाई. ‘4.40 मीटरने’ याचं ‘लक्षणीय प्रमाणात’ होई. विसंगती मिटे, कारण आकडाच नाहीसा झालेला असे. हे मला तेव्हाही खटकायचं. आज आलेख एका क्षणात बदलतो, तेव्हा हे ढोंग करायची गरज उरली नाही, आणि हा फायदा मी कमी मानत नाही.

मोठ्या लोकांकडूनही सुटतं. आयपीसीसीच्या 2007च्या अहवालात, आशियावरच्या प्रकरणात, हिमनद्यांचा एक तक्ता आहे. पिंडारी हिमनदीपुढे लिहिलंय: 1845 ते 1966, मागे हटली 2,840 मीटर, वर्षाला सरासरी 135.2 मीटर. तिन्ही आकडे एकाच ओळीत शेजारी शेजारी. 1845 ते 1966 ही झाली 121 वर्षं. भागाकार येतो साडेतेवीस. 135.2 येतात ते 21ने भागल्यावर. कुणाच्या तरी हातून शंभर वर्षं गळली आणि पिंडारी त्या तक्त्यात भलतीच वेगवान ठरली. हिमालयातल्या हिमनद्या 2035पर्यंत नाहीशा होतील, या त्याच प्रकरणातल्या चुकीचा जानेवारी 2010मध्ये खूप गाजावाजा झाला. पिंडारीच्या ओळीला बाहेरचा कुठलाच पुरावा लागत नव्हता. डावीकडचे दोन रकाने आणि कागदाचा एक कपटा पुरला असता. तक्ता तपासताना मी म्हणून ओळीतल्या ओळीत हिशेब जुळतो का हे आधी बघते.

हल्लीच्या चुका मला वेगळ्या जातीच्या वाटतात. पूर्वी 14.20चे 12.40 होत, अंकांची अदलाबदल, वाचताना कानाला लागणारी. आता अंक क्वचित चुकतो, कारण तो कोणी लिहीतच नाही, चिकटवतो. चुकतो तो मेळ. मजकूर मार्चच्या फाइलमधला, आलेख जूनच्या. मधे एक आकृती वाढली, पण ‘आकृती 4 पाहा’ तसंच राहिलं. वर्डमध्ये `Ctrl+A` करून `F9` दाबलं की क्रमांक नवे होतात, आणि कुठे दुवा तुटला असेल तर `Error! Reference source not found.` असं निदान ओरडून तरी सांगतं. हाताने टाइप केलेला ‘आकृती 4’ कधीच ओरडत नाही.

आता मी चंदापुऱ्याजवळ राहते आणि अधूनमधून असे अहवाल तपासून देते. फोनवर एक तरुण सहकारी मजकूर वाचते, मी पीडीएफमधले आलेख पुढ्यात घेऊन ऐकते. सुरुवातीला ती एकक गाळायची. “मॅडम, मीटरच आहे सगळीकडे,” म्हणायची, आणि नेमक्या आठव्या आकृतीत ते फूट निघालं. आता गाळत नाही. पण तक्ता आणि मजकूर दोन्ही एकाच चुकीच्या शीटमधून आले असतील, तर आम्ही दोघी कितीही मोठ्याने वाचलं तरी ते जुळणारच. त्यासाठी मी दर तक्त्यातली कुठलीही एक विहीर निवडते आणि तिची त्या महिन्याची मूळ नोंद मागवते. नोंद आली नाही, तर त्या तक्त्यावर सही करत नाही.