वाकळ अंथरलेली खुर्ची

माझ्या लातूरच्या दातांच्या दवाखान्यातली खुर्ची स्वभावानं वाईट नाही, पण तिला माणूस ओळखता येत नाही. पायाखालचं बटण दाबलं की ती घुर्रर्र करते आणि अंगावर कोण बसलंय हे न बघता त्याला मागे पाडते. मोठी माणसं हातदांडे घट्ट धरून सोसतात. ऑटिझम असलेल्या लेकराला मात्र पाठीमागची जमीनच गेल्यासारखी वाटते. वरून डोळ्यांत दिवा, खाली उन्हाळ्यात मांडीला चिकटणारं रेक्झिन. त्यात लाईट गेली की ही बया आडवीच राहते.

निलंग्याकडचा नऊ वर्षांचा एक मुलगा आला होता. बोलत नाही. भाकरी डाव्या बाजूनं चावत नाही, हे आईच्या लक्षात आलं होतं. मी घाई केली. बसवलं आणि बटण दाबलं. पुढच्या खेपेला तो दवाखान्याची पायरीही चढेना. त्याला बाहेरच आईच्या मांडीवर झोपवून बॅटरीनं पाहिलं. दाढेला कीड होती, पण सूज नव्हती, ताप नव्हता. म्हणजे थोडे दिवस हाताशी होते.

मग मुलाऐवजी खुर्चीलाच वळण लावलं. तो यायच्या आधी ती आडवी करून ठेवायची आणि वर त्याच्या आजीची वाकळ अंथरायची. भीती आडवं होण्याची नव्हती, मागे पडण्याची होती. त्या दिवशी तो बाजेवर चढावं तसा चढला, दहा आकडे मोजून झाले आणि उतरला. तेवढंच. घरी रोज तीच वाकळ, तीच बाज, तोंडात ब्रश आणि आईचे दहा आकडे. दहाला ब्रश बाहेर म्हणजे बाहेर; "अजून थोडंसं" म्हटलं की आठवडाभराची कमाई जाते. पुढच्या खेपेला आरसा, त्यानंतर चमच्यासारख्या टोकाचं हत्यार. तो कान झाकू लागला, डुलणं वाढलं की मी ओरडण्याची वाट न बघता थांबायचो. पाचव्या खेपेला मशीन न लावता हातानंच कीड खरवडली आणि सिमेंट भरलं. मध्ये तीनदा उतरला, तीनदा चढला.

हे सगळ्यांना चालत नाही. गाल सुजला, ताप आला, मूल स्वतःच्या तोंडावर मारून घेऊ लागलं किंवा बऱ्याच दाढा किडल्या असतील, तर सरावात आठवडे घालवू नयेत. भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पूर्ण भूल देऊन काम उरकावं.

परवा नांदेडच्या एका आईनं येण्याआधीच फोन केला. म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या पोराला मिक्सरचा आवाज सहन होत नाही." ते येणार होते त्या दिवशी कंप्रेसर बंद ठेवला आणि सकाळची पहिली वेळ दिली. तुम्हीही नंबर लावताना लेकराला काय सहन होत नाही एवढं सांगा, आणि येताना घरची वाकळ आणा.