साडेनऊ वर्षांची वेस

फुलचूर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. राइस मिलमधली नोकरी सोडावी की नाही, हा तुझा प्रश्न. सरकारी धानाची भरडाई, क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत, रजिस्टरात तेच रकाने. पगार वेळेवर होतो, पण शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. दुसरीकडे उकडा तांदूळ परदेशी पाठवणारी नवी मिल तुला प्रतवारीचं काम देते आहे.

ते काम तुझंच आहे. गाडी उतरली की तू मूठभर धान तळहातावर चोळतोस, एक दाणा दाताखाली फोडतोस आणि कणी जास्त पडणार की कमी, ते सांगतोस. दाणा फार सुकला की भरडताना तडकतो. उकडताना वाफेने दाण्याच्या भेगा सांधतात, पण वाफ आणि वाळवण चुकलं तर माल परत येतो. तिथे तुझा डोळा कामी येईल.

धोकाही खरा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने उकड्या तांदळाच्या निर्यातीवर २० टक्के शुल्क लावलं, ते पूर्ण उठायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. मालकाची यात काहीच चूक नसते, तरी ऑर्डर थांबते. म्हणून मालकाला सरळ विचार: त्या वर्षी माणसांचे पगार कसे दिले? उत्तर देताना तो हिशेब सांगतो की नुसता धीर देतो, ते बघ.

आता तुझा हिशेब. तुझी नोकरी नऊ वर्षं चार महिन्यांची. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० धरले, तर ग्रॅच्युइटी वर्षाला ७,५०० रुपये पडते. म्हणजे आज सोडलीस तर ६७,५००. सहा महिन्यांहून जास्त झालेला तुकडा मात्र पूर्ण वर्ष धरतात, तेव्हा तीन महिने थांबलास तर ७५,०००. त्याहून मोठी गोष्ट पेन्शनची. तिला दहा वर्षांची सेवा लागते, आणि साडेनऊ वर्षं भरली की तीही दहा धरली जातात.

मी इथेच चुकलो होतो. पहिली नोकरी सोडताना घराचं छप्पर करायचं म्हणून पीएफ आणि पेन्शनचे पैसे दोन्ही काढून घेतले. सेवा शून्यावर आली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आज ते छप्पर गळतं आहे आणि ती वर्षं कुठल्याच कागदावर नाहीत. तू पैसे काढू नकोस, त्याच यूएएनवर खातं वर्ग कर. नव्या मिलमध्ये वीसपेक्षा कमी माणसं असतील तर त्यांच्यावर पीएफची सक्ती नसते. तेव्हा पीएफ कापणार का, हे नेमणूकपत्रात लिहून घे.

माझं मत विचारशील तर जा. पण राजीनामा तीन महिन्यांनी दे, आणि पीएफचं लेखी मिळाल्यावरच दे.

तुझाच,
जुना सहकारी