अकरा तासांचा बोर्ड

तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या दोन्ही अधिकारांनी एकाच खुर्चीवर बसणाऱ्या माणसापुढे रोज सकाळी जो कागद ठेवला जातो, त्याला वकील, कारकून, पक्षकार सारेच ‘बोर्ड’ म्हणतात. आणि या बोर्डाचा एक धर्म असा की, त्यावर जेवढे काम लिहिलेले असते तेवढे त्या दिवशी होणे कालत्रयी शक्य नसते. हे कोणाच्या आळसामुळे घडत नाही. तारीख नेमताना असा हिशेब धरलेला असतो की काही समन्स बजावणीविना परत येतील, एखाद्या वकिलाचा स्थगितीचा अर्ज येईल, कोणी साक्षीदार आजारी पडेल. आणि म्हणून पाच-साडेपाच तासांच्या दिवसावर दहा-अकरा तासांचे काम लावले जाते. ज्या दिवशी हा हिशेब खरा ठरतो त्या दिवशी न्यायाधीश सुटतो. ज्या दिवशी समन्स बजावून येतात, साक्षीदार हजर असतात आणि वकीलही तयारीने येतात, त्या दिवशी मात्र काय चालवायचे याहून काय तहकूब करायचे हा प्रश्न अधिक कठीण होऊन बसतो. या व्यवसायात आयुष्याचा मोठा भाग घालवल्यावर माझे असे दृढ मत झाले आहे की, न्यायदानाचे निम्मे कौशल्य या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे आणि ते उत्तर सकाळी अकरा वाजता, पहिल्या पुकाऱ्याबरोबर, दिले गेले पाहिजे.

नमुन्यादाखल एक बोर्ड घेऊ. पंचेचाळीस प्रकरणे केवळ नोटिशीची, समन्सची किंवा कैफियत दाखल करण्याची; प्रत्येकास दोन मिनिटे धरली तरी दीड तास. पोलीस कोठडीसाठी हजर केले जाणारे आरोपी आणि जामिनाचे अर्ज मिळून अर्धा तास. एका बांधाच्या तंट्यात तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, दोन्ही बाजू ऐकायच्या, एक तास. मारामारीच्या खटल्यात जखमी इसम, पंच आणि वैद्यकीय अधिकारी असे तीन साक्षीदार, दीड तास. चेक न वटल्याच्या फिर्यादीत फिर्यादीचा उलटतपास, एक तास. जुन्या वाटणीच्या दाव्यात वादीचा उलटतपास, निदान अडीच तास. हद्दीच्या दुसऱ्या एका दाव्यात वादीच्या साक्षीदाराचा उलटतपास, एक तास. शिवाय दोन दाव्यांतील अंतिम युक्तिवाद, प्रत्येकी एक तास. एकूण अकरा तास होतात, आणि हाती आहेत साडेपाच.

नवख्या न्यायाधीशाचा पहिला कल असा असतो की प्रत्येकाला थोडा थोडा वेळ द्यावा. वादीचा उलटतपास तासभर चालवावा, उरलेला पुढल्या तारखेस. एका वकिलाचा युक्तिवाद ऐकावा, दुसऱ्याचा पुन्हा केव्हातरी. वरकरणी हे समन्यायी दिसते, परंतु साक्षीपुराव्याच्या कामात याइतके घातक दुसरे काही नाही. अर्धवट थांबलेला उलटतपास म्हणजे साक्षीदाराच्या हाती दिलेली सवड. तो घरी जातो, विचारले गेलेले प्रश्न आठवतो, कोणाशी तरी बोलतो, आणि पुढल्या तारखेस ज्या विसंगतीवर वकील बोट ठेवणार होता ती विसंगती नाहीशी झालेली असते. तुटलेला युक्तिवादही महिन्याने पुन्हा पहिल्यापासूनच ऐकावा लागतो, कारण तोवर न्यायाधीशाच्या मनातली संगती मोडलेली असते. म्हणजे एक तास वाचवण्यासाठी पुढल्या दिवसाचा दीड तास खर्ची पडतो. म्हणून माझा पहिला नियम असा होता की, आज संपणार नाही ते आज सुरू करू नये. कपात करायची तर संपूर्ण प्रकरणाची करावी. प्रत्येकाच्या वेळातून चिमूट चिमूट काढून घेऊ नये.

मग संपूर्ण प्रकरण कोणते काढायचे? येथे दाव्याची रक्कम, वकिलाची ज्येष्ठता किंवा प्रकरणाचे वजन यांपैकी कशाचाही आधार घेतला की चूक होते. विचारायचा प्रश्न एकच असतो: आज हे चालले नाही तर पुन्हा न मिळणारे असे काय हातचे जाते? आरोपीचे स्वातंत्र्य या कसोटीवर सर्वांत वर येते. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे हा घटनेच्या अनुच्छेद 22 चा हुकूम आहे, आणि तेथे कसलीही निवड उरत नाही. त्याखालोखाल मनाईचा अर्ज येतो. बांधावर यंत्र लावून पाया खणायला घेतला असेल, तर आठवड्याने दिलेला हुकूम हा खणलेल्या खड्ड्याला दिलेला हुकूम असतो. ऐकण्यास सवड नाही म्हणून एकतर्फी मनाई देऊन ठेवणे हाही मोकळा मार्ग नव्हे, कारण अशी मनाई दिल्यास तो अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 मध्ये सांगितले आहे. आजचे ओझे तीस दिवसांच्या मुदतीसह पुन्हा बोर्डावर येते.

त्यानंतर हजर असलेला साक्षीदार. याविषयी कायदा निःसंदिग्ध आहे. साक्षीदार हजर असताना त्यांची साक्ष न नोंदवता खटला तहकूब करू नये, केल्यास विशेष कारणे लेखी नमूद करावीत, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 309 मध्ये होते आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 346 मध्येही आहे. दिवाणी दाव्यांसाठी आदेश 17 त हाच आशय आहे. पण कायद्याच्या मागे जो माणूस उभा असतो तो डोळ्यांपुढे आणल्याशिवाय या तरतुदीचे मर्म कळत नाही. आपल्या नमुन्यातला वैद्यकीय अधिकारी ज्या ग्रामीण रुग्णालयात जखमेचा दाखला देऊन गेला, तेथून त्याची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झालेली असते. तो रात्रीच्या एस.टी.ने येतो आणि व्हरांड्यातल्या बाकावर हातात समन्स धरून बसतो. त्याची साक्ष वीस-पंचवीस मिनिटांची. त्याला परत पाठवले तर एका रुग्णालयाचा एक दिवस गेला, आणि पुढला समन्स बजावून येईल याची शाश्वती नाही. पंचाची कथा याहून निराळी. तो रोजंदारीवरचा माणूस असतो, घटनेशी त्याचा काही संबंध नसतो. पोलिसांनी बोलावले म्हणून पंचनाम्यावर त्याने सही केलेली असते. एकदा परत पाठवलेला पंच पुन्हा येतो, दोनदा परत पाठवलेला कुरकुरत येतो, आणि त्यानंतर एकतर तो येत नाही किंवा येऊन ‘मला काही आठवत नाही’ असे सांगून मोकळा होतो. पंच फितूर झाला म्हणून आपण त्याच्या नीतीला बोल लावतो. पण त्याला फितूर करणाऱ्यांत आपल्या तहकुब्यांचाही हात असतो, हे मी अनेक जबाब नोंदवताना पाहिले आहे.

आता हिशेब करू. पंचेचाळीस किरकोळ प्रकरणे आदल्या संध्याकाळीच कारकुनाकडून वेगळी लावून घेतली, ज्यांत समन्सच परत आलेले नाही त्यांना एकापाठोपाठ पुकारून पुढली तारीख दिली, तर दीड तासाचे काम पाऊण तासात होते. कोठडी व जामीन अर्धा तास, मनाई एक तास, मारामारीचा खटला दीड तास. पावणेचार तास झाले. उरलेल्या पावणेदोन तासांत अडीच तासांचा वाटणीचा उलटतपास बसत नाही, म्हणून तो सुरूच करायचा नाही. चेकची फिर्याद आणि हद्दीचा दावा यांतले एकच घेता येते. चेकच्या फिर्यादी सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, तेव्हा पारडे तिकडे झुकावे असे वाटेल. परंतु त्यातला फिर्यादी गावातल्याच पतसंस्थेचा व्यवस्थापक आहे आणि दर आठवड्याला कोर्टात येतो, तर हद्दीच्या दाव्यातला साक्षीदार पंचाहत्तरीचा, पूर्वीचा बांध स्वतः पाहिलेला, नातवाच्या आधाराने आलेला शेजारी आहे. तो गेला की त्याची स्मृतीही गेली. मी हद्दीचा दावा घेईन. राहिलेला पाऊण तास रिकामाच ठेवीन, कारण आरोपीला घेऊन येणारी पोलिसांची गाडी न्यायाधीशाच्या सोयीने येत नाही आणि कोणताही उलटतपास वकिलाने सांगितलेल्या वेळेत संपत नाही.

दोन्ही युक्तिवाद उतरवायचे. त्यांत पुरावा नोंदून झालेला असतो, तो कोठे जात नाही; पाहिजे तर दोन्ही बाजूंकडून लेखी युक्तिवाद मागवावा, त्याची सोय आदेश 18 मध्ये आहे. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या ज्येष्ठ वकिलांना हे सकाळी अकरालाच सांगितले पाहिजे. साडेपाचपर्यंत बसवून ठेवून मग ‘आज वेळ नाही’ म्हणणे म्हणजे तहकुबीच्या नुकसानीवर दिवसाच्या नुकसानीची भर घालणे होय.

सर्वांत अवघड राहिला तो वाटणीचा दावा. असे दावे वरील कसोटीवर दररोज हरतात, कारण त्यांतला साक्षीदार गावातला असतो, बाब तातडीची नसते आणि वेळ फार लागतो. शिवाय निकाली काढलेल्या प्रकरणांचा तक्ता दर महिन्याला वरिष्ठांकडे जातो, आणि एका वाटणीच्या दाव्याला लागणाऱ्या वेळात लहान प्रकरणे कितीतरी निघतात. म्हणजे रोजची कपात प्रत्येक दिवशी योग्य असूनही वर्षाअखेर अन्याय्य ठरते. भाऊ भावाशी बोलत नाही, जमीन कोणी नीट कसत नाही, मूळ वादी मरतो, त्याचे वारस दाखल करण्यात आणखी महिने जातात. यावर उलटतपास कमिशनरकडे सोपवण्याचा मार्ग 2002 पासून खुला आहे आणि हिशेबाच्या, कागदपत्रांच्या साक्षीस तो चांगला. पण जेथे घरातली माणसे एकमेकांविरुद्ध साक्ष देत असतात तेथे साक्षीदार कोठे अडखळतो हे न्यायाधीशाने स्वतः पाहावे, असे मला वाटते. म्हणून अशा दाव्याला नुसती पुढली तारीख देऊ नये. डायरीत लागोपाठचे दोन दिवस पाहावेत, दोन्ही दिवशी सकाळचे सत्र त्याच एका दाव्यास राखावे, दोन्ही वकिलांची त्यावर संमती घ्यावी, आणि त्या सकाळी दुसरा कोणताही साक्षीदार बोलावू नये. हे राखणे कष्टाचे आहे. कारकून दर आठवड्याला विचारतो की ती जागा मोकळी दिसते, तेथे काही लावू का, आणि दर आठवड्याला ‘नाही’ म्हणावे लागते.

एक गोष्ट मात्र संध्याकाळी, सही करण्यापूर्वी, न चुकता करावी लागते. जे प्रकरण आपण आपल्या अडचणीमुळे उतरवले, त्याच्या रोजनाम्यात तसेच लिहावे: ‘उभय पक्ष हजर व तयार, न्यायालयास अवधी नसल्याने तहकूब.’ आदेश 17 प्रमाणे एका पक्षकाराला तीनहून अधिक तहकुब्या देऊ नयेत असा दंडक आहे आणि पुढे कोणी न्यायाधीश रोजनामा चाळून त्या मोजतो तेव्हा केवळ ‘तहकूब’ एवढाच शेरा असेल, तर आपल्या अपुऱ्या वेळाचा दोष त्या पक्षकाराच्या माथी बसतो. आणि जो माणूस प्रत्येक तारखेला वेळेवर हजर राहिला, त्याचाच पुरावा एखाद्या दिवशी बंद केला जातो.