स्टिरॉइडआधीचा एक प्रश्न

मोटार कारखान्याच्या निमित्ताने जर्मनीत झिंडेलफिंगेनला आलेल्या मराठी माणसाला दमा किंवा संधिवातासाठी प्रेडनिसोलोन लिहून देताना डॉक्टरांनी विचारावं, ‘लहानपण कुठे गेलं?’ आणि त्यांनी विचारलं नाही, तर आपण सांगावं, असं माझं मत आहे. कोकणात किंवा घाटावरच्या गावात ओल्या मातीत अनवाणी वावरलेल्या माणसाच्या आतड्यात स्ट्राँजिलॉइडिस नावाचा जंत असू शकतो. त्याची जेमतेम दोन मिलिमीटरची मादी लहान आतड्याच्या अस्तरात राहते आणि नराशिवाय अंडी घालते. अंडी तिथेच फुटतात आणि शौचातून अळ्या बाहेर पडतात. एरवी अळी मातीत पडल्यावर बाधक होते, पण काही अळ्या आतड्यातच तेवढ्या वाढतात. मग त्या मोठ्या आतड्याची भिंत किंवा गुदद्वाराजवळची कातडी भेदून रक्तात शिरतात, फुप्फुसात पोचतात, खोकल्याबरोबर घशात येतात आणि गिळल्या जाऊन पुन्हा आतड्यात जातात. बाहेरून नवी लागण न होता हे चक्र चालू राहतं.

‘देश सोडून वीस वर्षं झाली’ हे उत्तर म्हणूनच पुरेसं नाही. दुसऱ्या महायुद्धात सयाम-बर्मा रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांत हा जंत कित्येक दशकांनी सापडला. ‘शाळेत जंतांची गोळी खाल्ली होती’ हेही पुरत नाही, कारण अल्बेंडाझोलचा एक डोस याच्यावर भरवशाचा नाही. शौचाची तपासणी स्वच्छ आली तरी निश्चिंत होऊ नये. अळ्या थोड्या असतात आणि रोज पडतातच असं नाही. रक्तातली प्रतिपिंडांची चाचणी अधिक उपयोगी.

निरोगी शरीर या चक्राला लगाम घालून असतं. स्टिरॉइड तो लगाम सोडवतं: इओसिनोफिल पेशी घटतात, अळ्यांची संख्या बेसुमार वाढते, आणि भिंत भेदताना त्या आतड्यातले जिवाणू रक्तात, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत नेतात. फसगत इथेच होते. धाप वाढली म्हणून दमा बळावला असं वाटतं आणि स्टिरॉइडचा डोस वाढवला जातो. इओसिनोफिल वाढलेले नसल्याने जंताची शंकाही येत नाही. या अवस्थेत उपचार झाले नाहीत, तर रोगी बहुधा दगावतो.

मग तातडीचं स्टिरॉइड थांबवायचं का? नाही. कोविडमध्ये डेक्सामेथासोन देताना हाच पेच होता. रक्त तपासणीला पाठवून, निकालाची वाट न पाहता आयव्हरमेक्टिन देता येतं: किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला 3 मिलिग्रॅमच्या साधारण पाच गोळ्या. अळ्या शरीरभर पसरल्यावर मात्र एकदोन दिवसांत भागत नाही. त्या दिसेनाशा झाल्यावरही दोन आठवडे औषध रोज चालू ठेवावं लागतं.