आमच्या कुत्र्याचे नाव

आमच्या घरी एक कुत्रा आहे. त्याचा रंग काळा आहे. त्याच्या कपाळावर पांढरा टिपका आहे. त्याचे नाव कसे ठेवले ते मी लिहितो.

आमचे वावर दर्यापूरच्या सडकेला लागून आहे. दिवसा तिथे आजी एकटीच राखण करते. हरभऱ्यात रोही येतात. कुत्रा त्यांच्यामागे धावतो. पण सडकेवर गेला तर ट्रकखाली येईल. म्हणून आजीच्या एका हाकेत तो मागे फिरला पाहिजे.

बाबा म्हणाले, मोती ठेवू. पण आजोबांच्या नावात मोती आहे, आणि आजी नवऱ्याचे नाव घेत नाही. ती म्हणाली, "अरे बाप्पा, मी त्याले हाक कशी मारू? अन् तुम्ही मोतीले हाड म्हनसान, तवा मले कसं वाटन?" आजोबा खाटेवर बसून हसत होते.

दादा म्हणाला, राजा ठेवू. पण शेजारच्या काकूच्या पोराला राजा म्हणतात. मग काकू भांडायला येईल. वाघ्या हे नाव लय चांगले. खंडोबाच्या भक्ताला वाघ्या म्हणतात आणि खंडोबाजवळ कुत्रा असतो. पण आमच्या गल्लीत तीन वाघ्या आहेत. एकाला बोलावले की तिघेही येतात, भाकर मात्र एकच असते.

मला छोटू आवडले होते. तेव्हा आजोबा म्हणाले, "कुत्र्याले छू म्हटलं का थो धावते. छोटू म्हटलं का त्याले वाटन, धाव म्हनते." मागे बोलवायचे नाव तसे नको.

मग मी आणि दादा वावरात गेलो. तो एका धुऱ्यावर आणि मी दुसऱ्या धुऱ्यावर. वारा होता. दादा शेरू म्हणून ओरडला तर मला नुसते रू ऐकू आले. टिप्या म्हणाला तेव्हा टि कडक ऐकू आला आणि शेवटचा या लांबवता आला, टिप्याऽऽऽ असा. टिपका होताच, म्हणून तेच ठेवले. ते आजीलाही घेता येते.

आठ दिवस आम्ही टिप्या म्हणूनच भाकरीचा तुकडा दिला. आई त्याला लाडाने टिपी म्हणायची, ते बंद केले. रागवायचे असले तर नाव घ्यायचे नाही, नुसते हाड म्हणायचे. नाव घेऊन मारले तर तो नाव ऐकून पळेल.

एक दिवस मी त्याच आवाजात "पाटीऽऽऽ" म्हणून ओरडलो. त्याने कान हलवला आणि बसून राहिला. टिप्या म्हटल्यावर उठून आला. म्हणजे तो नाव ओळखतो, नुसता आवाज नाही.

परवा रोही सडकेकडे पळाला. टिप्या त्याच्यामागे. आजीने एकच हाक मारली. तो धुऱ्यावर थांबला, एकदा रोह्याकडे पाहिले आणि शेपूट हलवत परत आला.