काळे केस हलके केल्यावर नारिंगी का होतात आणि निळा टोनर कधी कामाचा?

लग्नसराई सुरू झाली की त्वचारोगाच्या ओपीडीत एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, मला थंड, राखाडी झाक असलेला तपकिरी रंग हवा होता आणि केस गाजरासारखे झालेत." बहुतेकींना वाटते की रंग बिघडला किंवा पार्लरने हलक्या प्रतीचा माल वापरला. प्रत्यक्षात तो नारिंगी रंग कोणी लावलेला नसतो. तो त्यांच्या स्वतःच्याच केसांत आधीपासून असतो, ब्लीचने फक्त उघडा पडतो. हे एकदा समजले की पुढचे उपाय आपोआप समजतात. म्हणून आज माझ्या घरातलेच एक उदाहरण घेऊन हा विषय समजावून सांगते.

नारिंगी रंग येतो कुठून?

केसांचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो. त्याचे दोन प्रकार आहेत, एक काळा-तपकिरी आणि दुसरा तांबूस-पिवळा. आपल्या काळ्या केसांत पहिला प्रकार भरपूर असतो. ब्लीच या रंगद्रव्याचे विघटन करते. काळा-तपकिरी भाग लवकर विरघळतो, तांबूस-पिवळा भाग चिवट असतो आणि मागे उरतो. त्यामुळे काळा केस हलका होताना थेट सोनेरी होत नाही. तो आधी विटकरी, मग नारिंगी, मग नारिंगी-पिवळा, मग पिवळा आणि सर्वांत शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका पिवळा होतो.

केस रंगवणारे या पायऱ्यांना क्रमांक देतात. १ म्हणजे काळाकुट्ट आणि १० म्हणजे अगदी फिका. आपले केस साधारण १ किंवा २ क्रमांकाचे असतात. एका बैठकीत ते बहुधा ६ किंवा ७ पर्यंत पोचतात आणि नारिंगी रंगाचा मुक्काम नेमका तिथेच असतो.

नीळ आणि टोनर

पांढऱ्या कपड्यांना पिवळट झाक आली की आपल्या आई-आजी शेवटच्या पाण्यात नीळ घालत. नीळ मळ काढत नाही. ती पिवळ्या झाकेवर निळसर-जांभळी झाक चढवते आणि डोळ्यांना कपडा पांढरा दिसतो. टोनरचे तत्त्व हेच आहे. रंगचक्रात समोरासमोर असलेले रंग एकमेकांना मारतात. नारिंगीच्या समोर निळा येतो, पिवळ्याच्या समोर जांभळा आणि लालच्या समोर हिरवा. (कपड्यांची नीळ मात्र कृपया केसांना लावू नका, ती त्यासाठी बनवलेली नाही.)

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे टोनर केस हलके करत नाही, फक्त झाक बदलतो. दुसरी म्हणजे टोनर निवडताना आपल्याला कोणता रंग हवा आहे यापेक्षा आत्ता केसांत कोणता रंग आहे हे आधी पाहावे लागते.

माझ्या भाचीचे केस

माझी भाची पुण्यात राहते. वय २६, केस कंबरेपर्यंत, कधीही रंग न लावलेले. साखरपुड्याच्या तीन आठवडे आधी तिने एका सलूनमध्ये हायलाइट्स करून घेतले. ब्लीच धुतल्यावर "टोनर नंतर बघू, चार धुण्यांत रंग बसेल" असे सांगून तिला घरी पाठवले. धुण्याने रंग बसत नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा मधले केस सरळसरळ नारिंगी होते आणि टोके नारिंगी-पिवळी. मधल्या दोन दिवसांत तिने एका व्हिडिओत पाहून जांभळा शॅम्पू आणला होता आणि अर्धा तास डोक्यावर ठेवला होता. नारिंगी जसाच्या तसा राहिला आणि चेहऱ्याजवळच्या दोन फिक्या बटा मात्र जांभळट-करड्या झाल्या. जांभळा पिवळ्याला मारतो, नारिंगीला नाही, त्यामुळे असेच होणार होते.

तिचा प्रश्न एकच होता, "मावशी, उद्याच परत ब्लीच करून घेऊ का? म्हणजे नारिंगी निघून जाईल."

मी आधी टाळू पाहिली. मानेच्या वर आणि कानामागे लाल चट्टे होते, हात लावला तर चुरचुरत होते. मग एक केस ओला करून दोन बोटांत हलकेच ताणला. निरोगी ओला केस थोडा ताणला जातो आणि सोडल्यावर पूर्ववत होतो. तिचा मधला केस पूर्ववत झाला, टोकाचा मात्र ताणलेला तसाच राहिला. म्हणजे टोकांची आतली प्रथिने दुबळी झाली होती. आणखी एक ब्लीच दिले असते तर टोके तुटली असती आणि टाळू आणखी भाजली असती. शिवाय तिला सोनेरी केस नकोच होते, तपकिरी हवे होते. त्यासाठी लागणारा हलकेपणा केसांत आधीच आलेला होता. फक्त झाक बदलायची होती. म्हणून ब्लीचला मी स्पष्ट नाही म्हटले.

टाळू बरी होईपर्यंत आम्ही आठ दिवस थांबलो. त्याच काळात टोनरची पॅच टेस्ट केली. बहुतेक टोनरमध्ये पीपीडी किंवा त्याच कुटुंबातले रसायन असते, जे काळ्या डायमध्ये आणि बाजारातल्या 'काळ्या मेंदी'तही असते. ज्यांना काळी मेंदी लावून कधी खाज किंवा सूज आली असेल, त्यांना टोनरचीही ॲलर्जी होऊ शकते. कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे मिश्रण लावून ४८ तास पाहायचे. लाली, खाज, फोड काही नाही, तर पुढे जायचे. तिला काही झाले नाही.

टोनर कसा निवडला, कसा लावला

माझ्या ओळखीच्या एका अनुभवी केशरंगकाराने पुढचे काम केले, मी शेजारी बसून पाहत होते. मधले केस ६ क्रमांकावर होते, म्हणून त्यांनी ६.१ टोनर घेतला. टिंबाआधीचा आकडा हलकेपणा सांगतो आणि टिंबानंतरचा १ बहुतेक कंपन्यांत 'ॲश', म्हणजे राखाडी झाक दाखवतो. पण इथे एक मेख आहे. काही कंपन्यांचा ॲश निळ्यावर आधारलेला असतो, काहींचा हिरवटावर. नारिंगीसाठी निळाच हवा, त्यामुळे हे विचारून घ्यावे लागते. टोकांसाठी त्यांनी ७ क्रमांकाचा निळा ॲश घेऊन त्यात थोडा जांभळा मिसळला, कारण तिथे पिवळाही होता. नुसता निळा पिवळ्यावर पडला तर हिरवट झाक येते.

क्रमांक जुळवणेही तितकेच महत्त्वाचे. ९ किंवा १० क्रमांकाचा फिका टोनर तिच्या नारिंगी केसांवर दिसलाच नसता, कारण त्यात नारिंगी झाकण्याइतका रंगच नसतो. ४ क्रमांकाचा लावला असता तर केस पुन्हा गडद झाले असते आणि हायलाइट्स बुजले असते.

त्यांनी आधी मानेजवळच्या एका आतल्या बटेवर चाचणी घेतली. मग कंपनीच्या सूचनेप्रमाणे एक भाग टोनर आणि दोन भाग कमी ताकदीचा, ३ टक्क्यांखालचा डेव्हलपर मिसळला. केस धुऊन, टॉवेलने टिपून, दमट असतानाच आधी मधल्या भागाला लावले. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून रंग पाहिला. टोके सच्छिद्र झाली की रंग झपाट्याने शोषतात, म्हणून त्यांना अगदी शेवटची पाच मिनिटेच लावले. एकूण वीस मिनिटे झाली. धुतल्यावर मधले केस थंड तपकिरी आणि टोके थोडी हलकी तपकिरी दिसली. दोन जांभळट बटा त्याआधी दोनदा साध्या क्लॅरिफाइंग शॅम्पूने धुतल्यावरच निवळल्या होत्या. साखरपुडा दहा दिवसांवर होता आणि केस शाबूत होते.

निळा शॅम्पू कशासाठी?

टोनर कायमचा नसतो. प्रत्येक धुण्याबरोबर थोडा निघतो आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत खालची नारिंगी झाक पुन्हा डोकावू लागते. हा अंतराल लांबवायला निळा शॅम्पू वापरतात. तो केसांच्या पृष्ठभागावर निळ्या रंगाचा पातळ थर ठेवतो. भडक नारिंगी त्याने जात नाही, टोनरने आलेली झाक टिकवायला मात्र तो चांगला. आठवड्यातून एकदा, तीन ते पाच मिनिटे पुरे. जास्त वेळ ठेवल्याने गुण वाढत नाही, केस निस्तेज आणि करडे दिसू लागतात. तसे झाले तर दोन-तीन वेळा साधा शॅम्पू लावावा. नंतर कंडिशनर जरूर लावा, कारण ब्लीच झालेले केस कोरडे असतात.

घरात बोअरचे पाणी असेल तर त्यातल्या लोहासारख्या धातूंनीही केसांना तांबूस झाक चढते. अशा वेळी निळा शॅम्पू कितीही लावला तरी उपयोग कमी होतो. महिन्यातून एक-दोनदा धातू काढणारा, म्हणजे कीलेटिंग शॅम्पू वापरावा.

टोनरने काय होणार नाही?

केस विटकरी, म्हणजे ५ क्रमांकावरच अडकले असतील तर तिथे लालही असतो. नुसता निळा पुरत नाही, निळा-हिरवा आधार लागतो आणि केस गडद तपकिरीच राहतील हे मान्य करावे लागते. पूर्वी काळी मेंदी लावलेली असेल तर चाचणी बटेशिवाय ब्लीचच करू नये. तिच्यातल्या नीळ वनस्पतीमुळे ब्लीचनंतर केस हिरवट होऊ शकतात आणि धातूचे क्षार असतील तर ब्लीचशी संयोग होऊन केस गरम होतात, तुटतात.

टोनरनंतर टाळूला खाज, पाणी सुटणे, पापण्या किंवा चेहरा सुजणे यांपैकी काही झाले तर भरपूर पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट तातडीच्या विभागात जा. आणि ब्लीचच्या खुर्चीत बसण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: माझे केस कोणत्या क्रमांकापर्यंत हलके होतील, आणि टोनर याच बैठकीत होणार का? याची नीट उत्तरे मिळाली नाहीत तर उठून या.